उंदराची टोपी रंगमंचावर

लोककथेचे शालेय संगीतनाट्य करताना पहिला प्रश्न असतो तो गाणी कुठे घालायची हा. उत्तर बहुधा कथेतच दडलेले असते. तोंडी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत काही वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, सांगणारी आजी ती वाक्ये नुसती बोलत नाही, थोडी हेल काढून म्हणते, आणि ऐकणारी मुले तिच्याबरोबर म्हणू लागतात. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीत असे वाक्य आहे, चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत दार उघडण्याच्या विनवणीला असे वाक्य आहे. गाण्याची जागा तीच. रूपांतर करणाऱ्याने गाणी पेरायची नसतात, कथेत आधीच उगवलेली ओळखायची असतात. हे कसे करायचे ते एकाच गोष्टीवर नीट पाहता येईल, आणि त्यासाठी उंदराच्या टोपीची गोष्ट फार सोयीची आहे.

ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. हिंदी मुलुखातही ती सांगितली जाते. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो, पण सांगाडा असा: उंदराला वाटेत कापडाचा तुकडा सापडतो. तो धोब्याकडे जातो आणि तुकडा धुऊन मागतो. धोबी नाही म्हणतो, तेव्हा उंदीर धमकी देतो की राजाचे शिपाई आणीन, तुला मार देववीन आणि मी मजा बघत बसेन. धोबी घाबरून कापड धुऊन देतो. मग हेच रंगाऱ्याकडे, हेच शिंप्याकडे, काही ठिकाणी गोंडेवाल्याकडेही. टोपी तयार झाल्यावर उंदीर ती घालून ढोल वाजवत राजवाड्यापुढे जातो आणि आपली टोपी राजाच्या टोपीपेक्षा सरस असल्याचे गाऊन सांगतो. राजा चिडून टोपी हिसकावून घेतो. उंदीर गातो की राजा भिकारी आहे. राजा लाजून टोपी परत फेकतो. उंदीर गातो की राजा मला भ्याला.

ही गोष्ट संगीतनाट्याला इतकी जुळते याचे कारण असे की शेवटच्या भागात गाणे हीच कृती आहे. उंदराजवळ तलवार नाही, सैन्य नाही. राजाला तो गाण्यानेच हरवतो. गाणे काढून टाकले तर गोष्ट उरतच नाही. उलट ज्या गोष्टीतले गाणे काढून टाकले तरी काही बिघडत नाही, त्या गाण्याच्या वेळी पालक मोबाइल बघू लागतात.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पूर्वार्धात उंदीर ज्या शिपायांची भीती घालतो, तेच शिपाई उत्तरार्धात खरोखर येतात आणि त्याचीच टोपी काढून नेतात. सांगताना हा धागा निसटतो, कारण तोंडी कथेत शिपाई दिसत नाहीत. रंगमंचावर तो दिसू शकतो. सगळे नाटक या एका धाग्यावर बांधले तर वीस मिनिटांच्या प्रयोगाला आकार येतो, आणि नाच कुठे कशासाठी आहे याचेही उत्तर मिळते.

संहिता लिहिताना गोष्टीचे तुकडे दोन ढिगांत वाटावेत. एका ढिगात पहिल्यांदाच कळणारी माहिती: कापड कुठे मिळाले, धोबी का नको म्हणाला, राजा का चिडला. हे सगळे गद्यात ठेवायचे. तीस मुले एका सुरात गाऊ लागली की मागच्या रांगेतल्या माणसाला नवे शब्द पहिल्या फटक्यात कळत नाहीत, मग उच्चार कितीही स्पष्ट असोत. दुसऱ्या ढिगात पुन्हा येणारे तुकडे: धमकी, काम आणि बढाई. ही तीन गाण्यांची बीजे. वीस मिनिटांच्या नाटकाला तीनच चाली पुरतात. शिक्षकांना ही संख्या कमी वाटते आणि मग स्वागतगीत, पावसाचे गीत, झाडे लावा असे एक गीत आत येते. गाण्यांनी कथा थांबते की पुढे सरकते एवढे पाहिले तर ही भर आपोआप गळते.

धमकीच्या गाण्याची जागा तीन वेळा येते, आणि नवखा दिग्दर्शक तिथे एकच चूक करतो: ते तिन्ही वेळा सारखेच गातो. सांगणारी आजी तसे करत नाही. पहिल्यांदा ती पूर्ण म्हणते, दुसऱ्यांदा घाई करते, तिसऱ्यांदा मुलांनाच म्हणायला लावते. रंगमंचावरही धोब्यापुढे गाणे पूर्ण व्हावे, सुमारे चाळीस सेकंद. रंगाऱ्यापुढे निम्मे. शिंप्यापुढे उंदराने नुसता श्वास घेऊन तोंड उघडावे, ढोलकीवर पहिली थाप पडावी, आणि शिंप्याने घाईघाईने सुई हातात घ्यावी. हशा तिथे येतो. तो येण्यासाठी पहिली दोन गाणी नीट ऐकू आलेली असली पाहिजेत, हे ओघाने आलेच.

मार देण्याचा उल्लेख ठेवावा की काढावा, यावर शाळांत वाद होतो. धमकी काढली तर उंदीर गोड होतो आणि गोष्ट मरते. धमकी शब्दांत ठेवावी, मारण्याचा अभिनय मात्र करू नये, एवढे पुरे. तसेच शेवटी उंदराला पश्चात्ताप झाला, त्याने सगळ्यांची क्षमा मागितली, असे शेपूटही जोडले जाते. लहान जिवाने मोठ्याची फजिती केली याचा जो आनंद मुलांना होतो, तो त्या शेपटाने विझतो, आणि शेवटच्या गाण्याला उभे राहायला जमीनच राहत नाही.

बढाईचे गाणे तीन रूपांत येते: टोपी घालून, टोपी गेल्यावर आणि टोपी परत आल्यावर. चाल एकच ठेवायची, शब्द बदलायचे. प्रेक्षकाला चाल ओळखीची झाली की त्याचे कान फक्त बदललेल्या शब्दाकडे जातात आणि विनोद पोचतो. म्हणून ओळीचा शेवट सारखा ठेवून मधला शब्द फिरवणे सोयीचे. नमुन्यादाखल अशी दोन ओळींची रचना करता येईल:

टोपी माझी गोंडेदार,
राजा बघतो वारंवार!

टोपी हिसकावल्यावर:

टोपी माझी नेली पार,
राजा ठरला टोपीमार!

आणि टोपी परत आल्यावर:

टोपी आली, झाली हार,
राजा भ्याला मजला फार!

या ओळी साहित्य म्हणून कशा आहेत हा भाग वेगळा. त्या चालण्याच्या मापाच्या आहेत. टो-पी-मा-झी-गों-डे-दा-र असे आठ ठोके पडतात, आणि 'बघतो'मधले 'बघ' किंवा 'मजला'मधले 'मज' ही लघु अक्षरे जोडीने एका ठोक्यात बसतात. केरव्याचे आवर्तन आठ मात्रांचे असते, म्हणजे एक ओळ, एक आवर्तन आणि आठ पावले. मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत एक ओळ पाच सेकंदांच्या आत होते. मुलांना आकडे मोजावे लागत नाहीत, शब्दच पावले मोजतात. याउलट ओळीत कुठे सात तर कुठे अकरा ठोके पडले की नाच बसवताना शिक्षक 'आता इथे दोन पावले जास्त' असे सांगू लागतात, आणि प्रयोगात नेमकी तिथेच रांग फाटते. अशा वेळी मुलांना पुन्हा पुन्हा घोटवण्यापेक्षा ओळ बदलणे स्वस्त पडते. द्रुत लयीत जोडाक्षरांची गर्दीही टाळावी. दुसरी-तिसरीतली मुले 'प्रतिष्ठा' म्हणेपर्यंत सम निघून जाते.

ओळखीच्या चित्रपटगीताच्या चालीवर शब्द बसवण्याचा मोह मोठा असतो. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी अडचण अशी की प्रेक्षकाच्या मनात मूळ शब्द वाजत राहतात आणि उंदराचे शब्द ऐकूच जात नाहीत. कायद्याबद्दल एवढे ठाऊक असावे: लोककथा कोणाच्या मालकीची नसली तरी एखाद्या लेखकाने लिहिलेले तिचे रूप त्याच्या मालकीचे असते, आणि भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे ते हक्क टिकतात. शाळेतल्या मुलांनी आणि शिक्षकांनी शाळेच्या उपक्रमात, फक्त शाळेतली माणसे आणि पालक यांच्यापुढे केलेल्या प्रयोगाला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. तिकीट लावून केलेला जाहीर प्रयोग किंवा यूट्यूबवर टाकलेली चित्रफीत त्या सवलतीत धरून चालू नये.

चालीची पट्टी ठरवताना होणारी चूक कानाला लगेच कळते. शिक्षक स्वतःला सोयीच्या पट्टीत पेटी धरतात, मुले खालच्या सुरांवर घोगरी होतात, काही बोलल्यासारखे गातात, आणि मग त्यांना 'जोरात' असे सांगितले जाते. प्राथमिक शाळेतल्या मुलांचा आवाज पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत, फार तर पांढरी दोनपर्यंत मोकळा असतो. म्हणून चाल मध्य षड्जाच्या खाली फारशी उतरू नये आणि षड्ज पांढरी एक किंवा काळी एकवर धरावा. पुरुष शिक्षकाने स्वतः गाऊन शिकवले तर मुले कधी त्याच्याबरोबर खाली उतरू पाहतात. अशा वेळी आवाज लागलेल्या एखाद्या मुलीला पुढे बसवून तिच्या गाण्यावरून इतरांना शिकवले तर काम लवकर होते.

तिसरे बीज कामाचे. धुणे, रंगवणे, शिवणे या तीन कामांना शब्दांची गरज जवळजवळ नाही. त्यांना ताल आहे, आणि इथेच नाच खऱ्या अर्थाने सुरू होतो. समजा वर्गात 36 मुले आहेत. उंदीर, राजा, प्रधान आणि तीन कारागीर असे सहा जण बोलणारे. उरलेल्या तिसांचे दहा-दहांचे तीन गट. पूर्वार्धात एक गट धोब्याबरोबरचा, दुसरा रंगाऱ्याबरोबरचा, तिसरा शिंप्याबरोबरचा. उत्तरार्धात हेच तीन गट अनुक्रमे शिपाई, दरबारी आणि गावकरी होतात. वेशभूषा एकच ठेवून खांद्यावरचा पंचा कमरेला बांधला की माणूस बदलतो. यामुळे कोणालाही वीस मिनिटे विंगेत बसून राहावे लागत नाही, आणि विंगेतला गोंधळ हा शालेय नाटकातला सर्वांत मोठा आवाज असतो हे ज्याने अनुभवले आहे त्याला या सोयीची किंमत कळेल.

धोब्याचा गट आठ मात्रांतल्या पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर दगडावर कपडा आपटतो, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला हात डोक्यावर जातात. रंगाऱ्याचा गट दोन्ही हातांनी मोठ्या हंड्यात ढवळतो, दोन मात्रांत एक फेरा. शिंप्याचा गट बसून प्रत्येक मात्रेवर सुई खाली-वर करतो. प्रत्येक हालचाल एकटी पाहिली तर अगदीच साधी, पहिलीतल्या मुलाला पाच मिनिटांत येईल अशी. पण शिंप्याचे काम सुरू झाल्यावर आधीचे दोन्ही गट थांबू नयेत. धोबी सावकाश, रंगारी मध्यम, शिंपी भराभर, अशा तीन लयी एका ढोलकीवर एकदम चालू लागल्या की रंगमंचावर गजबजलेला बाजार उभा राहतो, आणि टोपी शिवून होतानाच्या सोळा आवर्तनांत प्रेक्षकांना बघण्यासारखे काहीतरी मिळते. समूहनृत्य अवघड करण्याचा मार्ग अवघड पावले हा नसतो. सोप्या पावलांची गाठ घालणे हा असतो.

लहान मुलांच्या समूहनृत्याला नवे काही शोधावे लागत नाही. लेझमीचे वाकणे-उठणे, वारकऱ्यांची पावली, भोंडल्याचा फेर, झिम्म्याची टाळी आणि कवायतीतला कदमताल हे सगळे शाळेच्या आवारातच सापडते. या नाटकाला त्यातल्या तीन गोष्टी पुरतात: गावकऱ्यांना पावली, शिपायांना कदमताल आणि शेवटी सगळ्यांना फेर. कदमतालावर सर्वांत जास्त भर द्यावा, कारण मघाचा धागा त्याच्या हातात आहे. धोब्यापुढे उंदीर धमकी गातो तेव्हा मागे रंगारी आणि शिंपी यांचे वीसजण जागच्या जागी कदमताल करतात, पण खेळातला, गुडघे अति उंच उचलून, हसवणारा. राजाच्या आज्ञेनंतर शिपाई येतात तेव्हा तोच कदमताल, त्याच मात्रांवर, पण गुडघे खाली, हात बाजूला ताठ, आणि गाणे बंद. नुसते पायांचे आवाज. ज्या शिपायांची भीती तो दुसऱ्याला घालत होता ते खरे निघाले, हे सांगायला एकही वाक्य लागत नाही.

गटाने नेपथ्य होण्याची युक्ती मराठी रंगभूमीवर सर्वांना ठाऊक आहे. 1972 साली पुण्यात जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये गाणाऱ्या-नाचणाऱ्या ब्राह्मणांची रांग कधी पडदा व्हायची, कधी भिंत. नृत्ये कृष्णदेव मुळगुंद यांची होती आणि संगीत भास्कर चंदावरकरांचे. शाळेच्या रंगमंचावर तीच युक्ती खर्च वाचवते. राजवाड्याचा पुठ्ठा रंगवण्याऐवजी शिपाई आणि दरबारी यांचे दहा-दहाचे दोन गट प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहिले की वाडा झाला. बढाईचे गाणे त्या पाठींपुढे व्हावे. 'वारंवार' या शब्दावर एकेक डोके मागे वळू लागते, आणि दोन ओळी तिसऱ्यांदा होईपर्यंत अख्खी भिंत वळून बघत असते. मग ती मधोमध दुभंगते आणि राजा येतो.

शाळेचा रंगमंच बहुधा वीस फूट रुंद आणि बारा-चौदा फूट खोल असतो. दहा मुलांची एक रांग म्हणजे प्रत्येकाला दोन फूट. तिथे हात बाजूला पसरता येत नाहीत. म्हणून भिंतीतल्या मुलांचे हात फक्त वर किंवा पुढे जातील असेच योजावे आणि दोन गटांच्या दोन रांगा कराव्यात. कामाच्या प्रसंगी मात्र हातांना जागा हवी. तिथे पाच-पाचच्या दोन रांगा, मागचा पुढच्या दोघांच्या फटीत, दोघांमध्ये चार फूट. तिन्ही गट एकदम काम करतात तेव्हा एवढी जागा उरत नाही, म्हणून शिंप्यांना बसवलेले आहे, आणि तेही सर्वांत पुढे. धोबी उभे आणि हात उंच नेणारे, म्हणून सर्वांत मागे. ही मांडणी सौंदर्यासाठी नाही. पाचव्या रांगेतल्या पालकाला आपले मूल दिसावे यासाठी आहे.

गाणे आणि नाच एकाच मुलाकडून करून घेणे हा शालेय संगीतनाट्यातला खरा तिढा आहे. वाकून कपडा आपटणारे मूल त्या क्षणी गाऊ शकत नाही, श्वासच पुरत नाही. इथे तमाशा, गोंधळ आणि पोवाडा यांतली झीलकऱ्यांची जुनी व्यवस्था कामी येते: मुख्य गायक ओळ टाकतो, मागचे झील धरतात. ज्या गटाचे काम चालू आहे त्या गटाचे गाणे बंद, उरलेले दोन गट झील धरणार, असा नियम केला की तिढा सुटतो. तिन्ही गट एकदम काम करतात तेव्हा मात्र कोणीच गाऊ नये. ढोलकी, आणि आपटण्याचे, ढवळण्याचे, सुईचे आवाज तोंडाने, एवढेच. उंदराचे काम करणाऱ्या मुलाला सबंध नाटकभर एकट्याने गावे लागते. त्याला बढाईच्या गाण्यात ढोल गळ्यात अडकवून चालायला लावले तर आवाज थरथरतो. त्याने ओळ उभ्याने गावी आणि झीलकऱ्यांच्या ओळीवर आठ पावले चालावे.

साथ ध्वनिमुद्रित की जिवंत, हाही निर्णय लवकर घ्यावा. मुद्रित साथ दर वेळी सारखी वाजते, आणि तोच तिचा दोष आहे. या नाटकात राजा टोपी फेकतो आणि उंदीर ती झेलतो. तालमीत दहापैकी सात वेळा झेलली जाते. प्रयोगात ती खाली पडली, विंगेत गेली, ढोलकीवाल्याच्या मांडीवर पडली, तर जिवंत ढोलकी केरव्याचे आवर्तन फिरवत राहते आणि टोपी डोक्यावर चढल्यावरच गाणे सुरू होते. मुद्रित साथ थांबत नाही. उंदीर टोपी शोधत असताना स्पीकरमधून विजयगीत निघून जाते. ढोलकी, पेटी आणि एक झांज एवढी साथ पुरते. ढोलकीवाल्याने रंगमंचाच्या कडेला, टोपी दिसेल असे बसावे. ध्वनिक्षेपक दोनच असले तर एक उंदराच्या जागेजवळ आणि एक झील धरणाऱ्या गटापुढे. तिसरा मिळालाच तर राजाला. पेटीला सहसा गरज नसते.

तालमींचा क्रम गाण्यापासून सुरू व्हावा, पण बसून. पहिल्या आठवड्यात मुले मांडी घालून टाळीवर तिन्ही चाली गातात. दुसऱ्या आठवड्यात गाणे बंद. शब्द नुसते बोलत पावले आणि हातवारे. तिसऱ्यात दोन्ही एकत्र, आणि चौथ्यात रंगमंचावर. रोज चाळीस मिनिटे मिळाली तर चार आठवडे पुरतात. दुसरा आठवडा गाळून थेट एकत्र करायला घेतले की एक ठरावीक लक्षण दिसते: मुलांचे ओठ हलतात, आवाज येत नाही, आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या पायांवर असतात. असे दिसल्यास मागे जाऊन पुन्हा बोलत चालण्यापासून सुरुवात करावी.

शिकवताना शिक्षक मुलांकडे तोंड करून उभे असतील तर त्यांनी डावा पाय उचलला की समोरचे मूल आरशासारखा उजवा उचलते. शिक्षकांनी एक तर पाठ करून दाखवावे किंवा स्वतः उलट करावे. आज एक आणि उद्या दुसरे केले तर निम्मा वर्ग डाव्या आणि निम्मा उजव्या पायाने कदमताल करतो. शिपायांच्या प्रवेशात नेमके तेच डोळ्यांत भरते. लहान वर्गांत उजव्या मनगटाला रंगीत दोरा बांधला तर हा घोळ पुष्कळ कमी होतो. हालचाल बदलण्याची खूण आकड्याऐवजी शब्दावर द्यावी: 'सोळाव्या मात्रेला वळा' हे मूल विसरते, 'वारंवार म्हटले की वळा' हे विसरत नाही.

रंगमंचावर आल्यावर रांगा हळूहळू पुढे सरकतात, कारण प्रत्येकाला प्रेक्षकांत आई शोधायची असते. मधोमध उभी रेघ आणि प्रत्येक रांगेसाठी आडवी रेघ खडूने आखावी. प्रयोगाच्या दिवशी खडू पुसला जातो, म्हणून शेवटच्या तालमीत चिकटपट्टी लावावी. फेराची अडचण वेगळी आहे: तीस मुलांचा एक फेर चौदा फूट खोलीत मावत नाही, तो लांबट होऊन पुढची मुले खाली पडायच्या बेतात येतात. त्यापेक्षा एकात एक दोन फेर करावेत, आतला दहाचा आणि बाहेरचा वीसचा, उलट दिशांनी फिरणारे, आणि आत टोपी घातलेला उंदीर. तरीही जागा कमी पडली तर बाहेरच्या वीसजणांनी मागे अर्धवर्तुळात उभे राहून टाळी धरावी.

रंगीत तालमीला गोष्ट माहीत नसलेल्या एका मोठ्या माणसाला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसवावे. मराठी घरात असा माणूस मिळणे कठीण, पण शाळेत कोणी परप्रांतातून आलेले पालक असतात. नाटक संपल्यावर त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: उंदराने धोब्याला कशाची भीती घातली, टोपी कोणी काढून नेली, आणि दुसऱ्या वेळच्या बढाईत राजाला काय म्हटले. पहिले उत्तर आले नाही तर धमकीचे पहिले गाणे फार जलद आहे किंवा झील मुख्य गायकावर चढते आहे. दुसरे आले नाही तर खरे शिपाई आणि खेळातले शिपाई यांत फरक दिसत नाही. गाणे खरोखर थांबते का ते तपासावे. तिसरे आले नाही तर बदललेला शब्द समेच्या आधी गिळला जातो आहे. 'राजा ठरला' नंतर ढोलकीने एक मात्रा गप्प राहावे आणि 'टोपीमार' उंदराने एकट्याने म्हणावे.

शेवटच्या ओळीनंतर पडदा पाडायची घाई करू नये. तिसरे रूप एकदा उंदराने, एकदा झीलकऱ्यांनी आणि एकदा सगळ्यांनी म्हणायचे, तोवर फेर फिरत राहतो. तिसऱ्या वेळी प्रेक्षकांतली लहान भावंडे चाल उचलून गाऊ लागतात, तेव्हा उंदीर फेरातून बाहेर येऊन गोंडा हलवतो, ढोलकी तिहाई घेते आणि रंगमंचावरचा राजा, नाटक संपलेले असूनही, हळूच स्वतःच्या टोपीला हात लावून बघतो.